डबीतली दालचिनी

"तुह्याच दुकानातली होय ना, म्हणून तं बेफिकीर होती मी." मोठ्या आईने हे वाक्य रागाने म्हटले असते तर मला इतके लागले नसते. ती सहज बोलली आणि बोलता बोलता पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढून माझ्या काउंटरवर ठेवला. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. पऱ्हाटी फुटून शेते पांढरी झाली होती, वेचणीला बाया मिळत नव्हत्या आणि दुपारच्या वेळी आमच्या तालुक्याच्या गावात चिटपाखरू नसते तशी ती दुपार होती. कागद जिल्ह्याच्या ठिकाणच्या पॅथॉलॉजीचा होता, यकृताच्या तपासणीचा, आणि त्यातले पहिले दोन आकडे वाढलेले होते. एसजीपीटी १४८, एसजीओटी ११२, बिलिरुबिन १.१. कागदाशेजारी तिने एक पांढरी प्लास्टिकची डबी ठेवली आणि झाकण उघडून दाखवले. आत तीन-चार कॅप्सूल उरल्या होत्या. डॉक्टरांनी सगळी औषधे घेऊन ये म्हटले होते, म्हणून ही डबीही तिने पिशवीत टाकली होती. त्यांनी डबी उलटसुलट करून पाहिली आणि सध्या ही बंद ठेवा, एवढेच सांगितले. का, ते तिला कळले नव्हते. ते विचारायला ती माझ्याकडे आली होती.

मोठी आई म्हणजे माझ्या चुलत्यांची बायको. वय एकसष्ट, वजन पन्नास किलो, गुडघे दुखतात आणि आठ वर्षांपासून साखर आहे. सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिन चालू आहे. त्याआधीच्या उन्हाळ्यात तिचे एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ८.१ आले तेव्हा डॉक्टरांनी दुसरी गोळी वाढवायचे म्हटले, आणि गोळी वाढली की पुढची पायरी इन्सुलिनची सुई, असे तिने मनाशी पक्के ठरवून टाकले. त्याच सुमारास शेजारच्या कोणीतरी मोबाइलवर दालचिनीचा व्हिडिओ दाखवला. जून महिन्यात पेरणीच्या धांदलीत ती दुकानात आली आणि साखरेसाठी दालचिनीच्या कॅप्सूल असतात का, असे तिने विचारले. असतात. माझ्या मागच्याच फळीवर होत्या. त्यांच्यावर मिळणारे मार्जिन मेटफॉर्मिनच्या पट्टीपेक्षा कितीतरी जास्त आहे, हे सांगायला आता लाज वाटते, पण त्या दिवशी मी मार्जिनसाठी डबी दिली असेही नाही. "ही घरातलीच वस्तू हाय, ह्यानं काय होते?" असे ती म्हणाली आणि मलाही तसेच वाटले. गरम मसाल्यात, सावजीच्या रश्शात, लग्नाच्या भातात जी वस्तू आपण पिढ्यानपिढ्या खातो ती कॅप्सूलमध्ये भरली म्हणून तिचे वेगळे काय होणार, हा विचार माझ्या डोक्यात इतका घट्ट बसलेला होता की, तू आणखी काय काय घेतेस, एवढा साधा प्रश्नही मी विचारला नाही.

तो प्रश्न मी नोव्हेंबरात विचारला.

तेव्हा कळले की दोन कॅप्सूल सकाळी आणि दोन रात्री, हे डबीवर लिहिल्याप्रमाणे ती नेमाने घेत होती. त्याशिवाय रोज सकाळी उपाशीपोटी एक चहाचा चमचा दालचिनीची पूड कोमट पाण्यात ढवळून, न गाळता, गाळासकट पीत होती. पूड बाजारातून आणलेल्या सालीची, घरच्या खलबत्त्यात कुटलेली. कॅप्सूलने फरक पडतो तर पुडीने आणखी पडेल, असा तिचा सरळ हिशेब होता. गुडघ्यांसाठी अधूनमधून पॅरासिटामॉल होती. झाडपाल्याचे दुसरे काही नव्हते, असे तिने माझ्या समोरच काकांना दोनदा विचारून सांगितले.

त्या रात्री दुकान बंद केल्यावर मी तिच्या डबीतली एक कॅप्सूल उघडून वर्तमानपत्रावर सांडली. तांबूस तपकिरी, टाल्कमसारखी बारीक पूड. शेजारी किराणा दुकानातून आणवलेली दालचिनीची साल ठेवली. बोटभर लांब, चांगली जाड, दोन्ही कडांनी आत वळलेली, सुतळीच्या गुंडाळीसारखी नव्हे तर अर्धवट मिटलेल्या पन्हाळीसारखी. ती हाताने मोडेना. अडकित्ता लावावा लागला आणि कट्ट असा आवाज आला. वास मात्र दोन्हींचा एकच होता. आधी तिखट-गोड, नाकात चढणारा, आणि त्याच्या मागून हळूच येणारा दुसरा वास, जो आजवर मला दालचिनीचाच वाटत आला होता. तो गोडसर आहे, किंचित व्हॅनिलासारखा, आणि कापलेले गवत उन्हात वाळत पडले की दुसऱ्या दिवशी बांधावर येतो तसा. वाळत्या गवतात आणि या जाड सालीत तो वास एकाच पदार्थाचा असतो. त्याचे नाव कुमारिन.

फार्मसीच्या दुसऱ्या वर्षी फार्माकोग्नसीच्या प्रॅक्टिकलला काचेच्या बरण्या ओळखायला ठेवत. त्यांत दालचिनीच्या दोन बरण्या होत्या. एकीत फिकट बदामी रंगाच्या, कागदासारख्या पातळ सालींचे अनेक थर एकात एक गुंडाळून केलेली कांडी होती, विडीसारखी. ती चिमटीत धरली की चुरा होई. ही श्रीलंकेची खरी दालचिनी, सिनॅमोमम व्हेरम. जुन्या पुस्तकांत झायलॅनिकम. दुसरीत जाड, लालसर, एकेरी सालीचे तुकडे होते. ती कॅशिया, म्हणजे सिनॅमोमम कॅशिया आणि तिच्या इंडोनेशियातल्या व व्हिएतनाममधल्या बहिणी. परीक्षेला बरणी ओळखली की दोन गुण मिळत. ते दोन गुण मी मिळवले होते आणि मग तो विषय कायमचा विसरून गेलो होतो. आपल्या देशातल्या अन्नमानकांतही या दोन वस्तू वेगवेगळ्या लिहिलेल्या आहेत: एक दालचिनी आणि दुसरी कॅशिया, जिला कंसात ताज म्हटले आहे. आमच्या बाजारात मात्र सगळी दालचिनीच. किराणावाल्याला मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम विचारले की ही कॅशिया आहे की खरी. तो म्हणाला, "खोटी कोन विकते बाप्पा?" त्याचेही खरे होते. त्याने खोटे काहीच विकले नव्हते.

गंमत अशी की खरी दालचिनी महाराष्ट्रातही होते. कोकणात नारळी-पोफळीच्या बागांत मिश्र पीक म्हणून ती लावतात आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तिच्या एका वाणाला कोकण तेज असे नाव दिले आहे. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या आठवडी बाजारात पोत्यातून जी साल येते ती बहुतेक नेहमी जाडच असते, कारण ती कितीतरी पटींनी स्वस्त असते. रश्शाला तीच चांगली लागते असेही बायका म्हणतात, आणि चवीच्या बाबतीत मी त्यांच्याशी वाद घालणार नाही.

साल हातात असते तोवर ओळखता येते. पूड झाली की येत नाही. कॅप्सूल झाली की बघायलाही मिळत नाही. डबीवर मागच्या बाजूला, चष्मा वर सरकवून वाचावे लागेल अशा अक्षरांत, दर कॅप्सूलमध्ये दालचिनी पूड ५०० मिलिग्रॅम असे लिहिले होते. झाडाचे शास्त्रीय नाव नव्हते, कुमारिनचा उल्लेख नव्हता. परवाना औषधाचा नव्हता, अन्नाचा होता. आणि सर्वांत खाली, इंग्रजीत, हे औषधी वापरासाठी नाही असे छापले होते. कायद्याने ते छापावेच लागते. माझ्या दुकानात, औषधांच्या फळीवर, साखर कमी व्हावी म्हणून विकत घेतलेल्या डबीवर ते वाक्य होते आणि गेली काही वर्षे मी ते न वाचता डबी पिशवीत घालत होतो.

बिलाच्या पाठीमागे मी हिशेब मांडला. चार कॅप्सूल म्हणजे दोन ग्रॅम. सपाट चमचाभर पूड म्हणजे साधारण अडीच ग्रॅम. रोजची साडेचार ग्रॅम. कॅशियाच्या पुडीत कुमारिन सरासरी एका ग्रॅमला ३ मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे मोठ्या आईच्या पोटात रोज साडेतेरा मिलिग्रॅम जात असावे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जन्मभर रोज घेतले तरी चालेल अशी जी मर्यादा ठरवली आहे ती शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅमची आहे. पन्नास किलोला ५ मिलिग्रॅम. म्हणजे ती मर्यादेच्या पावणेतीन पट घेत होती आणि ते पाच महिने चालले होते. नुसत्या कॅप्सूल घेतल्या असत्या तर आकडा ६ वर थांबला असता, म्हणजे मर्यादेच्या जरासाच वर. हीच साडेचार ग्रॅम पातळ सालीच्या खऱ्या दालचिनीची असती तर तिच्यातले कुमारिन बहुधा एक मिलिग्रॅमही भरले नसते, कारण तिच्यात ते नावापुरतेच असते.

हा हिशेब दिसतो तितका पक्का नाही, हेही लिहिले पाहिजे. सरासरी ही सरासरीच असते. कॅशियाच्या एकाच झाडावरून काढलेल्या वेगवेगळ्या सालींतही कुमारिनचे प्रमाण प्रचंड बदलते, असे तपासणीत दिसले आहे. एखाद्या सालीत ते जवळजवळ नसते आणि दुसरीत सरासरीच्या तिप्पट भरते. त्यामुळे मोठ्या आईच्या खलबत्त्यातली साल दोन मिलिग्रॅमची होती की आठची, हे कोणीही सांगू शकणार नाही. प्रयोगशाळेत एचपीएलसी यंत्रावर ते मोजता येते. पण ती पूड केव्हाच पोटात गेली होती, आणि चमचाभर दालचिनी तपासायला कोण पाठवतो?

आणि मर्यादा ओलांडली म्हणजे यकृत बिघडलेच असेही नाही. ती ०.१ ची रेघ कशी आली ते पाहिले की हे कळते. कुत्र्यांना दोन वर्षे कुमारिन देऊन पाहिले होते. दर किलो वजनाला रोज १० मिलिग्रॅमपर्यंत त्यांच्या यकृताला काही झाले नाही. त्या दहाला शंभराने भागून माणसासाठीची मर्यादा काढली. भागाकारातले शंभर म्हणजे सावधगिरी: माणूस कुत्र्यापेक्षा नाजूक असेल, आणि माणसामाणसांतही काही जण अधिक नाजूक असतील, या दोन्ही शक्यतांची. एखाद-दोन आठवडे मर्यादेच्या तिप्पट गेले तरी काळजीचे कारण नाही, असे त्याच प्राधिकरणाने म्हटले आहे. म्हणून सणाच्या आठवड्यात सलग चार दिवस मसालेदार जेवण झाले तर कोणी घाबरण्याचे कारण नाही. २००६ च्या हिवाळ्यात जर्मनीत नाताळच्या दालचिनी बिस्किटांवरून मोठी चर्चा झाली होती, आणि तिथल्या सरकारी जोखीम मूल्यमापन संस्थेने तेव्हा लहान मुलांची काळजी केली होती. कारण उघड आहे. पंधरा किलोच्या मुलाची मर्यादा दीड मिलिग्रॅम, म्हणजे कॅशियाची अर्धी ग्रॅम. मोठ्या माणसाला बिस्किटे खाऊन ती गाठायला बरीच खटपट करावी लागते. कॅप्सूलने ती दोन घोट पाण्यात गाठली जाते. चवीने जो लगाम घातलेला असतो तो कॅप्सूलचे कवच काढून टाकते. दालचिनी जिभेला लागतच नाही, तेव्हा पुरे म्हणणारे कोणी उरत नाही.

मग तिचेच यकृत का? काकाही तीच पूड महिनाभर पीत होते. त्यांचा रिपोर्ट स्वच्छ आला.

कुमारिन शरीरात गेले की यकृतातले एक विकर त्याचे रूप बदलते आणि बहुतेक माणसांत ते निरुपद्रवी होऊन लघवीवाटे निघून जाते. काही माणसांत हा राजमार्ग अरुंद असतो. मग कुमारिन दुसऱ्या वाटेने वळते आणि त्या वाटेवर जे पदार्थ तयार होतात ते यकृताच्या पेशींना त्रास देऊ शकतात. सगळे कोडे एवढ्याने सुटत नाही, कारण अरुंद मार्ग असलेल्या सगळ्यांनाच त्रास होतो असेही दिसत नाही. पण अशी माणसे असतात, हे बिस्किटांवरून नव्हे तर औषधावरून कळले. लिम्फ साठून हात-पाय सुजतात त्या सुजेवर काही देशांत शुद्ध कुमारिनच्या गोळ्या देत असत. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना काही झाले नाही, मोजक्यांची यकृताची विकरे वाढली, काहींना गंभीर इजा झाली, आणि १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियासारख्या देशांनी ते औषध बंद केले. अमेरिकेने तर खाद्यपदार्थांत वेगळे कुमारिन घालायला १९५४ मध्येच बंदी केली होती. त्या मोजक्यांत आपण आहोत का, हे आधी सांगणारी तपासणी आमच्या तालुक्यात नाही, आणि नेहमीच्या तपासण्यांत ती कुठेच नसते.

इथे आमच्या काउंटरवर नेहमी होणारा एक गोंधळ आठवला. कुमारिन म्हटले की काही लोकांना रक्त पातळ करण्याचे वॉरफॅरिन हे औषध आठवते. त्या औषधाचा जन्म बुरशी आलेल्या गोड क्लोव्हर चाऱ्यातून झाला. तो चारा खाऊन अमेरिकेत आणि कॅनडात जनावरे रक्तस्रावाने दगावत होती. बुरशीमुळे चाऱ्यातल्या कुमारिनचे डायकुमारॉल झाले होते आणि रक्त पातळ करत होते ते डायकुमारॉल. साधे कुमारिन तसे करत नाही. दालचिनीचा इथला प्रश्न रक्ताचा नसून यकृताचा आहे. तरीही वॉरफॅरिन घेणाऱ्या माणसाने चमच्याने दालचिनी खाऊ नये असे मी सांगतो, कारण ज्याच्या औषधाची मात्रा रक्त तपासून ठरवावी लागते त्याने कोणतीच नवी वस्तू रोज चमच्याने खाऊ नये.

मोठ्या आईच्या बाबतीत दालचिनीच गुन्हेगार होती असे मी शपथेवर सांगू शकत नाही. साखर असलेल्या माणसाच्या यकृतात चरबी असण्याची शक्यता मुळातच मोठी असते आणि तिच्या सोनोग्राफीत ती थोडी दिसलीही. पण नुसत्या चरबीने आकडा बहुतेकदा थोडाच वाढतो, आणि वर्षभरापूर्वी गावातल्या शिबिरात तिचा एसजीपीटी ३४ होता. तो कागद काकांनी सातबाऱ्याच्या पिशवीत जपून ठेवला होता म्हणून सापडला. ३४ वरून १४८ वर जायला काहीतरी नवीन घडावे लागते. डॉक्टरांनी कावीळ ए, बी, सी आणि ई चारही तपासल्या, चारही नव्हत्या. पॅरासिटामॉल आठवड्यातून दोन-तीन गोळ्या, त्याने असे होत नाही. दारू घरात कधी आलीच नाही. मेटफॉर्मिन आठ वर्षांची सोबतीण, आणि तिचा यकृताला त्रास क्वचितच. उरले ते पाच महिन्यांत नव्याने आलेले एकच. त्यावर डॉक्टरांकडे जो उपाय होता तो अगदी साधा होता: संशयिताला घराबाहेर काढायचे आणि पंधरा दिवस वाट पाहायची.

ते पंधरा दिवस मला फार लांब गेले. मला भीती आकड्याची नव्हती. आमच्याकडे डोळे पिवळे दिसले की माणूस आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे जातो, गळ्यात माळ घालून घेतो, कुठल्यातरी मुळीचा रस पितो, आणि माळ लांबत गेली की कावीळ उतरली असे मानतो. यकृत आधीच सुजलेले असताना त्यात आणखी एक अनोळखी रस पडतो. मोठ्या आईचे डोळे पिवळे नव्हते. पण गेला महिना-दीड महिना तिला भाकरीवर वासना नव्हती, दुपारी वेचणीवर देखरेख करताना ती बांधावरच लवंडायची, आणि हे सगळे तिने वयावर ढकलले होते. मी तिला तीन गोष्टी रोज पाहायला सांगितल्या: लघवीचा रंग चहासारखा गडद होतो का, मळमळ वाढते का, उजव्या बरगडीखाली दुखते का. रोज रात्री आठला फोन करून मी विचारायचो आणि ती रोज वैतागून सांगायची, "नाही ना बाबू, काहीच नाही. जेवला का तू?"

पंधरा दिवसांनी आकडा ७९ झाला. सहा आठवड्यांनी ४४. यकृत हा मोठ्या मनाचा अवयव आहे. त्रास देणारे गेले की तो बहुतेक वेळा मागचे काढत नाही. अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध झालेल्या प्रकरणात त्र्याहत्तर वर्षांच्या बाईला, हृदयविकारासाठी स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीची मोठी मात्रा चालू असताना, दालचिनीचे पूरक सुरू केल्यावर आठवडाभरातच पोटदुखी आणि उलट्या होऊन यकृतदाह झाला होता. दालचिनी आणि स्टॅटिन दोन्ही बंद केल्यावर ती बरी झाली, आणि नंतर स्टॅटिन पुन्हा सुरू केले तरी त्रास परतला नाही. ते वाचल्यावर मी माझ्या उधारीच्या वहीतली नावे चाळली. साखरेबरोबर कोलेस्टेरॉलची गोळी घेणारे आणि त्या डब्या नेणारे असे सात जण निघाले. सातही जणांना मी फोन केला. दोघांनी डब्या केव्हाच सोडून दिल्या होत्या, एकाने मलाच उलट व्हिडिओ पाठवला.

ज्या कारणासाठी हे सगळे केले त्या साखरेचे काय, हा प्रश्न उरतो. दालचिनीच्या या कीर्तीच्या मुळाशी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला पाकिस्तानातला एक अभ्यास आहे. साठ रुग्णांपैकी निम्म्यांना चाळीस दिवस रोज एक, तीन किंवा सहा ग्रॅम कॅशिया दिली होती आणि त्यांची उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्क्यांनी उतरली, असे त्यात आले. आकडा मोठा आहे, बातमी व्हायला पुरेसा. पुढे अनेकांनी तोच प्रयोग केला, काहींना थोडे यश आले, काहींना अजिबात नाही. २०१२ मध्ये कोक्रेन या संस्थेने दहा चाचण्या, ५७७ रुग्ण, एकत्र तपासले तेव्हा एचबीएवनसीत दालचिनीने म्हणण्यासारखा फरक पडलेला दिसला नाही. त्या जुन्या अभ्यासातही कॅशियाच वापरली होती, आणि व्हिडिओ करणारे जेव्हा खरी दालचिनी घ्या म्हणतात तेव्हा ते एका झाडाचा पुरावा दुसऱ्या झाडाला जोडत असतात. मोठ्या आईचे एचबीएवनसी नोव्हेंबरात ७.९ आले. उन्हाळ्यातल्या ८.१ वरून. त्याच पाच महिन्यांत तिने चहातली साखर सोडली होती आणि पेरणी ते वेचणी रोज चार किलोमीटर चालली होती. तो ०.२ कोणाच्या नावावर लिहायचा?

डॉक्टरांनी मग दुसरी गोळी सुरू केलीच. ती पाच महिने आधी सुरू झाली असती. यकृताचे आकडे भरून आले. हे पाच महिने कोणत्याच रिपोर्टमध्ये दिसत नाहीत, आणि मला रात्री आठवतात ते तेच.

घाऊक विक्रेत्याला मी फोनवर विचारले की डबीत कोणत्या झाडाची साल आहे. तो म्हणाला की इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणीच विचारला नाही. कंपनीकडून उत्तर आणतो म्हणाला. अजून आणतो आहे. आता माझ्या फळीवर ती डबी नाही. कोणी मागितली तर मी नाही म्हणतो, आणि ते पुढच्या चौकातून घेतात हे मला माहीत आहे. एक शिक्षक परवा इंटरनेटवरून मागवलेली डबी दाखवायला आले. तिच्यावर झाडाचे नाव व्हेरम असे स्पष्ट होते आणि कुमारिन तपासल्याचा उल्लेख होता. मी ती हातात घेऊन वाचली आणि यकृताची काळजी हिच्यात कमी आहे, असे प्रामाणिकपणे सांगितले. साखर उतरेल का, असे त्यांनी विचारले तेव्हा मेटफॉर्मिन चुकवू नका, एवढेच मला सुचले. दुसऱ्या एकांच्या डबीत पूड नव्हती, अर्क होता, दहास एक असे काहीतरी लिहिलेले. तिथे माझा बिलामागचा हिशेबही चालत नाही, कारण अर्क काढताना कुमारिन किती आले आणि किती मागे राहिले ते अर्क कशात काढला यावर असते आणि ते डबी सांगत नाही.

संक्रांतीच्या आधी मोठी आई पुन्हा दुकानात आली. या वेळी पदराच्या गाठीत रिपोर्ट नव्हता, दालचिनीची साल होती. पोराच्या सासरचे आठ-दहा जण जेवायला येणार होते, मटणाचा बेत होता, आणि मसाल्यात ही टाकू की नको, हे विचारायला ती नऊ किलोमीटर बसने आली होती. मला हसू आले आणि लगेच ओशाळायलाही झाले. तिच्या मनात एवढी भीती मीच घातली होती, जशी आधी एवढी बेफिकिरी मीच घातली होती. मलमे तोलायचा छोटा काटा काढून मी तिचा तुकडा तोलला. दोन ग्रॅमला थोडा कमी. दहा ताटांत वाटला तर एकाच्या वाट्याला चिमूटभरही नाही, आणि तुकडा तर रश्शातून काढूनच टाकायचा.

"मंग टाकू?"

"टाक."

तिने साल पुन्हा गाठीत बांधली. जाता जाता तिची नजर काउंटरच्या कोपऱ्यात ठेवलेल्या त्या पांढऱ्या डबीवर गेली. दोन महिन्यांपासून ती तिथेच होती. टाकून द्यावी असे रोज वाटायचे आणि राहून जायचे. उरलेल्या कॅप्सूल मी केव्हाच काढून टाकल्या होत्या. मोठ्या आईने ती उचलली, झाकण फिरवून पाहिले, आत नाक घातले.

"झाकण चांगलं घट्ट हाय. हिंग ठेवाले होते," असे म्हणून तिने ती पिशवीत टाकली.